पाच फोटोंतून एक

मासिकाचं मुखपृष्ठ ठरवणाऱ्याला एक गोष्ट स्वतःला सारखी बजावावी लागते. आपण सगळ्यात चांगला फोटो शोधत नाही, आपण मुखपृष्ठ शोधतो आहोत. दोन्ही एकाच फोटोत सापडले तर नशीब थोर. बहुतेक वेळा सापडत नाहीत. मग पाच फोटो समोर असताना, दिसायला तिसऱ्या नंबरचा वाटणारा फोटोच पहिल्या पानावर का घ्यायचा, हे फोटो विभाग सांभाळणाऱ्याला संपादकांना पटवून द्यावं लागतं.

हा वाद पूर्वी उजेडाच्या टेबलावर पारदर्शिका पसरून, चहा पीत तोंडी व्हायचा. आता संपादक एका शहरात, मांडणी करणारा दुसऱ्या, छायाचित्रकार तिसऱ्याच गावी असतो. त्यामुळे तो ई-मेलवर होतो. लिहून मांडायचं म्हटलं की 'मला हा आवडला' एवढ्यावर भागत नाही. आवडण्याचं कारण सांगावं लागतं आणि ते समोरच्याला तपासून पाहता आलं पाहिजे.

मराठी मासिकांना हा प्रश्न तसा उशिरा पडला. आपली मुखपृष्ठांची परंपरा चित्रकारांची. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांची चित्रं पाहून दिवाळी अंक उचलणाऱ्या पिढ्या झाल्या. चित्रकाराला अंकाचं नाव कुठे छापलं जाणार हे आधीच माहीत असतं. तो तेवढं आकाश, तेवढी भिंत मोकळी ठेवूनच चित्र काढतो. फोटोचं तसं नाही. तो आधी जन्माला येतो आणि मासिकाचं नाव, मथळे, बारकोड हे सगळं त्याच्या अंगावर नंतर चढवलं जातं. फोटो सुंदर असूनही मुखपृष्ठ फसतं त्याचं निम्मं कारण इथे असतं.

हे पाहण्यासाठी एक नमुना घेऊ. मासिक काल्पनिक, पेण मात्र खरं. रायगड जिल्ह्यातलं पेण आणि आजूबाजूची हमरापूर, जोहे ही गावं गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. तिथे मूर्ती घडवण्याच्या जागेला सरळ 'कारखाना' म्हणतात. या मासिकाच्या सप्टेंबर अंकाचा मुख्य लेख या कारखान्यांतल्या रोजंदारीवर आहे. साच्यातून मूर्ती काढणं, सांधे भरणं, घासून गुळगुळीत करणं, अस्तर देणं अशी कामं करणाऱ्यांचा हंगाम कसा असतो, त्यांच्या हाती काय पडतं, असा लेखाचा रोख. मथळा ठरला आहे, 'मूर्तीमागची मजुरी'. छायाचित्रकाराच्या शेकडो फोटोंतून चाळणी लावून पाच उरले.

पहिल्यात लाकडी फळ्यांवर ओळीने वाळत ठेवलेल्या पांढऱ्याशुभ्र मूर्ती, पार मागच्या भिंतीपर्यंत. दुसऱ्यात आखणी, म्हणजे मूर्तीच्या डोळ्यावर टेकलेलं बारीक ब्रशचं टोक, अगदी जवळून. तिसऱ्यात खिडकीपाशी बसून मूर्तीची सोंड पॉलिश पेपरने घासणारी एक बाई, कोपरापर्यंत पांढरी धूळ आणि त्या धुळीत हातातल्या हिरव्या बांगड्या. चौथ्यात रात्रीच्या मुंबई-गोवा महामार्गावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या मूर्तींनी भरलेला टेम्पो आणि मागून धावणाऱ्या दिव्यांच्या रेषा. पाचव्यात कारखान्याचे वयस्कर मालक, मातीने माखलेले हात पुढे धरून थेट कॅमेऱ्यात पाहताहेत.

फोटो विभागाचा मेल असा गेला.

*विषय: सप्टेंबर मुखपृष्ठ, क्र. ३ सुचवतो, गुरुवारी दुपारी १२ पर्यंत होकार हवा*

*नमस्कार ताई,*

*मुखपृष्ठासाठी क्र. ३ घ्यावा असं माझं मत आहे. सोबतच्या पीडीएफमध्ये पाचही फोटो आपलं नाव, मथळा आणि बारकोड लावून पाहिले आहेत. नुसते फोटो पाहण्याआधी कृपया ती पानं पाहा.*

*पहिलं कारण लेखाचं. मथळ्यात मजुरी आहे. काम आणि काम करणारं माणूस ही दोन्ही एकत्र फक्त क्र. ३ मध्ये आहेत. क्र. २ मध्ये काम आहे, पण माणसाची दोन बोटंच दिसतात. क्र. ५ मध्ये माणूस आहे, पण ते मालक आहेत.*

*दुसरं कारण जागेचं. क्र. ३ उभा आहे, वरचा जवळजवळ तिसरा भाग काळपट भिंतीचा आहे. आपलं नाव तिथे कुणाच्या डोक्यावर न चढता बसतं.*

*उणिवा दोन. बाईंची नजर खाली आहे, त्यामुळे फोटो हाक मारत नाही. आणि रंग कमी आहे. सणाच्या अंकात हे खटकेल, म्हणून मासिकाचं नाव शेंदरी करून पाहिलं आहे (पान ३ब).*

*क्र. १ उत्तम आहे, पण आडवा आहे, उभा कापला की ओळ संपते. तो लेखाच्या सुरुवातीला दोन पानांवर घ्यावा. क्र. ४ कागदावर काळा पडेल.*

*बाईंना फोटो मुखपृष्ठावर येऊ शकतो हे सांगून छायाचित्रकाराने परवानगी घेतली आहे. नाव छापायचं का, हे आज पुन्हा विचारून कळवतो.*

*क्र. ३ नको असेल तर माझी दुसरी पसंती क्र. ५, पण मग मथळा बदलावा लागेल.*

मेल एवढाच. फोनच्या पडद्यावर दोन-तीनदा बोट फिरवलं की संपतो. त्यातल्या ओळी मात्र एकेक करून पाहण्यासारख्या आहेत.

आधी जोडलेली पीडीएफ. या मेलमधलं सगळ्यात मोठं काम तिनेच केलं आहे. पाच नुसते फोटो पाठवले तर संपादक ते फोटो म्हणूनच पाहणार आणि त्या स्पर्धेत पाचवा किंवा दुसरा जिंकणार, यात शंका नाही. नाव, मथळा, किंमत, बारकोड यांसकट पाहिलं की चित्र पालटतं. दुसऱ्या फोटोत मूर्तीचा चेहरा चौकट भरून आहे, म्हणजे मासिकाचं नाव मुकुटावर येतं आणि बारकोडचा पांढरा चौकोन गालाला चिकटतो. नुसता फोटो पाहताना हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

दुसऱ्या फोटोविरुद्ध आणखी एक मुद्दा आहे. मेलमध्ये तो आलेला नाही, यायला हवा होता. आखणीचा फोटो ऑगस्टमध्ये जवळपास प्रत्येक वर्तमानपत्रात छापून येतो. मूर्तिकार, ब्रश, डोळा. वाचक तो पाहतो आणि पाहिलेलाच आहे असं समजून पुढे जातो. शिवाय मासिक शेवटी रद्दीत जातं. देवाचा पूर्ण चेहरा असलेलं मुखपृष्ठ भेळेच्या पुडीला गेलेलं पाहून दुखावलेल्या वाचकाचं पत्र आलं, तर त्याला हसण्यात अर्थ नाही. तिसऱ्या फोटोतही मूर्ती आहे, पण तिची पाठ आपल्याकडे आहे आणि चेहऱ्याची फक्त कड दिसते. तिथे ती देव होण्याआधीची वस्तू आहे, आणि लेखही नेमका त्याच टप्प्याबद्दल बोलतो.

आता जागेचा हिशेब. तो रुक्ष असला तरी अनेक वाद तिथेच मिटतात. पान ए-४ आकाराचं धरलं तर ते २१० बाय २९७ मिलिमीटर. कटिंगमध्ये कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जादा ठेवतात, म्हणजे २१६ बाय ३०३. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल हा रूढ दंडक. त्या हिशेबाने मुखपृष्ठाला साधारण २५५१ बाय ३५७९ पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आडवा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा देतो. तो पूर्ण उंची ठेवून उभा कापला तर रुंदीतले जेमतेम २८५० पिक्सेल वापरले जातात. बारकावा पुरतो, पण अर्ध्याहून अधिक फोटो बाहेर जातो.

पहिल्या फोटोचं नेमकं हेच होतं. त्याची सगळी जादू रांगेच्या लांबीत आहे. संपतच नाहीत इतक्या मूर्ती. उभ्या कापात त्यातल्या चार-पाच उरतात, आणि चार-पाच पांढऱ्या मूर्ती म्हणजे कुठल्याही दुकानाचा कोपरा. त्यातली एकच मूर्ती मोठी करून घ्यावी म्हटलं आणि निम्मी उंची वापरली, तर २००० पिक्सेल पूर्ण पानावर ताणावे लागतात. इंचाला १६८च्या आसपास उरतात. मोबाइलवर ते खुपत नाही, हातातल्या अंकावर कडा मऊ पडलेल्या दिसतात.

आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठात कोंबण्याच्या मोहाची सगळ्यात गाजलेली गोष्ट 'नॅशनल जिओग्राफिक'ची आहे. फेब्रुवारी १९८२च्या अंकासाठी गिझाच्या पिरॅमिडांचा गॉर्डन गेहन यांनी काढलेला आडवा फोटो निवडला गेला. उभ्या चौकटीत तो मावेना, म्हणून त्या वेळी नव्याने आलेल्या संगणकी तंत्राने पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले. गंमत बाजूलाच राहिली, मासिकाच्या विश्वासार्हतेवर बोट ठेवलं गेलं. पिरॅमिडच हलवतात, तर आणखी काय काय हलवत असतील? तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर, २०१६ मध्ये, तत्कालीन संपादक सुसान गोल्डबर्ग यांनी फोटोंत फेरफार करण्याविषयी वाचकांशी बोलताना त्या मुखपृष्ठाचा उल्लेख केला आणि आता आपण असं करत नाही असं सांगितलं. एका मुखपृष्ठाची आठवण इतकी वर्षं पुरली.

पेणच्या तिसऱ्या फोटोतही असा एक लहानसा मोह आहे. खाली उजव्या कोपऱ्यात निळी प्लॅस्टिकची बादली आली आहे. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ती पुसायला मिनिट लागत नाही. मांडणी करणाऱ्याने ती पुसली नाही, बारकोड तिच्यावर आणून बसवला. बादली जागेवरच आहे, फक्त झाकली गेली. अंकाच्या नावाने छायाचित्र झाकणं ही रीत सगळे पाळतात आणि वाचकालाही ती दिसते. छायाचित्रातून वस्तू गायब करणं वाचकाला दिसत नाही. दोन्हींतला फरक तेवढाच आहे, पण वृत्तछायाचित्राच्या बाबतीत तो पाळावाच लागतो.

चौथा फोटो छायाचित्रकाराचा लाडका असणार हे उघड आहे. महामार्गाच्या कडेला तिपाई लावून, रात्रभर थांबून असे फोटो मिळतात. पण वाचकाने त्या जागरणाचे पैसे दिलेले नसतात. छायाचित्रकाराचे कष्ट हे निवडीचं कारण म्हणून मेलमध्ये आले, तर संपादकाने सावध व्हावं. दुसरं कारण सापडलं नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो.

या फोटोची खरी अडचण छपाईची आहे. पडदा आतून उजळलेला असतो, त्यामुळे रात्रीच्या फोटोतल्या काळ्यातल्या छटा त्यावर सुरेख उठतात. कागद स्वतः उजेड देत नाही, खोलीतला उजेड परत फेकतो. शिवाय छपाईत शाईचा ठिपका कागदावर थोडा पसरतो आणि गडद भाग आणखी गडद होतो. टेम्पोत मूर्ती आहेत हे पडद्यावर ओळखू येतं, कागदावर तिथे चकचकीत काहीतरी भरलेला एक टेम्पो उरतो. हे पाहायला छापखान्यात जावं लागत नाही. साध्या कागदावर प्रिंट काढून ती ट्यूबलाइटखाली हातभर लांब धरली तरी अंदाज येतो. संपादकांनाही ते घरी करून बघता येतं, त्यामुळे 'कागदावर काळा पडेल' हे वाक्य निव्वळ मत उरत नाही.

पाचव्या फोटोकडे मात्र थोडं थांबून पाहिलं पाहिजे, कारण फोटो म्हणून पाचांत तोच सर्वांत ताकदीचा आहे. माणूस कॅमेऱ्यात पाहतो तेव्हा तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाहतो. स्टॉलवर चिमट्याला लटकलेल्या, एकमेकांवर चढलेल्या अंकांच्या गर्दीत अशी नजर पाय थांबवते. जगातलं बहुधा सगळ्यात ओळखीचं मासिक-मुखपृष्ठ नजरेवरच उभं आहे. स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत एका अफगाण मुलीचे फोटो काढले. मॅकरी सांगतात त्याप्रमाणे दोन फोटो शेवटपर्यंत शर्यतीत होते. एकात तिने ओढणीने तोंड झाकलं होतं, दुसऱ्यात ती थेट पाहत होती. फोटो विभागाचा कल झाकलेल्या चेहऱ्याकडे होता. दुसरा फारच अस्वस्थ करणारा वाटत होता. संपादक विल्बर गॅरेट यांनी दुसरा उचलला आणि जून १९८५च्या अंकावर तो छापला गेला.

ही गोष्ट सहसा 'संपादकाची नजर बघा' म्हणून सांगतात. पेणच्या संदर्भात ती वेगळ्या कारणाने उपयोगी आहे. तो अंक अफगाण निर्वासितांवर होता आणि फोटोतली मुलगी निर्वासित होती. नजर जिची, लेखही तिचाच. त्यामुळे नजर ज्या गोष्टीकडे ओढून नेत होती ती गोष्ट आत खरोखर होती. पेणचे मालक तितक्याच ताकदीने आपल्याकडे पाहत असतील, पण 'मूर्तीमागची मजुरी' या शब्दांवर त्यांचा चेहरा आला की वाचक ते हात मजुराचे समजणार. आत गेल्यावर कळणार की हे मजुरी देणारे. शब्द खोटा नाही, फोटो खोटा नाही, दोघांची जोडी मात्र खोटी आहे. म्हणूनच मेलमध्ये पाचव्या फोटोला दुसरी पसंती देताना, मथळा बदलावा लागेल अशी अट घातली आहे. माझ्या मते मेलमधलं सगळ्यात मोलाचं वाक्य ते. संपादकांना पर्याय मिळाला आणि त्याची किंमतही कळली.

त्याच अफगाण मुलीच्या गोष्टीला दुसरी बाजू आहे. शरबत गुला हे तिचं नाव जगाला २००२ मध्ये कळलं, मॅकरी आणि त्यांचे सहकारी तिला शोधत गेले तेव्हा. जगभर पोहोचलेला तो फोटो तिने स्वतः तोवर पाहिलेला नव्हता. एका अनोळखी पुरुषाने फोटो काढल्याचा राग आल्याचं तिला आठवत होतं. म्हणून परवानगीची ओळ मेलमध्ये असावी लागते, आणि ती 'परवानगी आहे' एवढी मोघम असून चालत नाही. कारखान्यात फोटो काढू देणं वेगळं आणि 'हा फोटो पुस्तकाच्या पहिल्या पानावर येईल, गावातल्या स्टॉलवरही दिसेल' हे कळून हो म्हणणं वेगळं. मजुरीवरच्या लेखात तर आणखी एक पदर आहे. बाई रोजंदारीवर आहेत, मालक त्याच आवारात आहेत. लेखात मजुरीबद्दल तक्रारीचा सूर असेल आणि मुखपृष्ठावर यांचा चेहरा असेल, तर पुढच्या हंगामात त्यांना कामावर घेतलं जाईल का? फोटो निवडणाऱ्याने हा प्रश्न फोटोग्राफरला विचारला पाहिजे आणि फोटोग्राफरने बाईंना. नाव छापायचं की नाही हे पुन्हा विचारून कळवतो, ही ओळ त्यासाठीच आहे.

मग तिसऱ्याच्या उणिवा. मेलमध्ये त्या स्वतःहून मांडल्या आहेत. संपादकांना त्या पाच मिनिटांत दिसणारच होत्या. नजर खाली आहे ही उणीव खरी आहे आणि तिच्यावर इलाज नाही. काम करणारं माणूस कामाकडेच पाहतं. त्याला 'ताई, जरा इकडे बघा' म्हटलं की काम थांबतं आणि उरतो तो फक्त पोझ दिलेला चेहरा. इथे काहीतरी सोडावंच लागतं.

पांढऱ्याची अडचण जास्त किचकट आहे. पांढरी मूर्ती, पांढरी धूळ, खिडकीतून येणारा पांढरा उजेड. छपाईत शुद्ध पांढरं म्हणजे तिथे शाईच नाही, नुसता कागद. सोंडेवर उजेड पडलेला भाग पूर्ण कोरा गेला तर मूर्तीला भोक पडल्यासारखं दिसतं, आणि वर चकचकीत लॅमिनेशन असलं की आणखीच. म्हणून अशा भागात अगदी फिका का होईना, शाईचा ठिपका राहील इतपत उजळपणा कमी करतात. वस्तू तीच राहते, फक्त ती कागदावर उतरते. बांगड्यांचंही पाहावं लागतं. पडद्यावरचा झळझळीत हिरवा चार रंगांच्या छपाईत तितका झळझळीत येत नाही, थोडा मळतो. फोटोतला रंगाचा एकमेव ठिपका तोच असल्याने छापखान्याकडून आलेल्या प्रूफवर सगळ्यात आधी तिथे नजर जायला हवी.

सणाच्या दिवसांत रंग कमी, हा आक्षेप बहुतेक वितरणाकडून येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नसतो. यावर मेलमध्ये दिलेलं उत्तर, म्हणजे शेंदरी नाव, अर्धंच आहे. उरलेलं उत्तर स्टॉलवर मिळतं. सप्टेंबरमध्ये शेजारचे सगळे अंक शेंदरी, लाल आणि सोनेरी असणार. त्यांच्यामध्ये राखाडी-पांढरा अंक उठून दिसेल की हरवेल, हे चर्चेने ठरत नाही. गेल्या वर्षीच्या सप्टेंबर अंकांची मुखपृष्ठं एका पानावर लहान-लहान छापून त्यांच्यात आपलं चिकटवावं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पाहावं. मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढं करूनही पाहावं, कारण आता अनेक वाचक मुखपृष्ठ पहिल्यांदा व्हॉट्सअॅपवर पाहतात. नखाएवढ्या आकारात तिसऱ्या फोटोत एक वाकलेली आकृती आणि एक पांढरा गोलसर आकार उरतो. सोंड ओळखू येत असेल तर तो तरला.

असे मेल फसतात कसे, तेही पाहू. बहुतेक फसलेल्या मेलमध्ये विशेषणांची आरास असते. 'भावपूर्ण', 'जिवंत', 'थेट काळजाला भिडणारा'. हे शब्द उचलून दुसऱ्या फोटोखाली ठेवले तरी चपखल बसतात, म्हणजे त्यांनी पहिल्याबद्दल काहीच सांगितलेलं नसतं. 'वरचा तिसरा भाग काळपट भिंतीचा आहे' हे वाक्य मात्र पाचांपैकी एकाच फोटोखाली बसतं. दुसरी फसगत निर्णय टाळण्याची. पाच फोटो पाठवून खाली 'तुम्हाला कुठला योग्य वाटतो?' असं विचारायचं. नम्रता दिसते, पण छपाईच्या तोंडावर ते काम संपादकांच्या गळ्यात मारणं असतं. उलट टोकही पाहायला मिळतं. निवडलेला फोटो मोठा, बाकीचे चार तिकिटाएवढे आणि मुद्दाम वाईट कापलेले. अनुभवी संपादक ते लगेच ओळखतात आणि पुढच्या वेळी त्या माणसाच्या प्रत्येक पीडीएफकडे संशयाने पाहतात.

उत्तर बुधवारी संध्याकाळी आलं. संपादकांना क्र. ३ मान्य होता, तक्रार वेगळीच होती. डाव्या बाजूला आतल्या चार लेखांचे मथळे होते आणि त्यांतला एक बाईंच्या कोपरावर येत होता. त्यांनी दोन मथळे काढून टाकायला सांगितले. त्यातला एक एका नियमित स्तंभलेखकाचा होता आणि त्यांना फोन करण्याचं काम ताईंनी स्वतःकडे घेतलं. शेंदरी नावाला त्यांनी नकार दिला. फोटोत शेंदरी कुठेच नाही, मग नाव परकं दिसतं, बांगडीचा हिरवा घ्या, असं त्यांचं म्हणणं. मांडणी करणाऱ्याने दोन्ही करून पाहिलं आणि हिरवा ठेवला. बाईंनी नाव छापायला होकार दिला, पण आडनाव नको म्हणाल्या. आतल्या पानावर मुखपृष्ठाच्या परिचयात त्यांचं पहिलं नाव आणि गाव एवढंच गेलं. पहिला फोटो लेखाच्या सुरुवातीला दोन पानांवर पसरला. पाचवा मालकांच्या मुलाखतीच्या चौकटीसोबत गेला, दुसरा अनुक्रमणिकेत लहानसा. टेम्पोला या अंकात जागा मिळाली नाही.